उरलेल्या ७६ जणांचे काय झाले?

२८ ऑगस्ट २००२ रोजी कॅलिफोर्नियातील इंटरम्यून या औषध कंपनीने एक प्रसिद्धीपत्रक काढले. त्यात छापलेला एकही आकडा खोटा नव्हता. तरीही त्या पत्रकापायी कंपनीचे तत्कालीन मुख्याधिकारी डॉ. स्कॉट हार्कोनेन यांना पुढे सात वर्षांनी अमेरिकन न्यायालयाने फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. खरे आकडे छापून फसवणूक कशी होते, हा प्रश्न मला कित्येक वर्षे छळत राहिला; कारण मी स्वतः संख्याशास्त्राची पदवी घेऊन औषधचाचण्यांच्या आकडेवारीवर पोट भरते, आणि जे त्या पत्रकात झाले तेच, लहान प्रमाणावर, मीही एकदा केले आहे. आजच्या धाग्यात आधी त्यांची गोष्ट सांगते, मग माझी.

इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस हा फुप्फुसाचा एक निर्दय आजार आहे. फुप्फुसाचा मऊ, स्पंजासारखा भाग हळूहळू व्रणासारखा कडक होत जातो आणि रोग्याला जिना चढणे, मग चालणे, शेवटी बोलणेही जड जाते. निदानानंतर अनेक रोगी तीन-चार वर्षांत दगावतात. २००२ साली या आजारावर सिद्ध झालेले एकही औषध नव्हते. १९९९ मध्ये ऑस्ट्रियातील एका छोट्या अभ्यासाने मात्र आशा जागवली होती. त्यात अवघे १८ रोगी होते. त्यांपैकी ९ जणांना इंटरफेरॉन गॅमा-१बी हे इंजेक्शन दिले गेले आणि त्यांची फुप्फुसे सुधारल्याचे दिसले. इंटरम्यून हेच औषध ‘ॲक्टिम्यून’ या नावाने विकत होती. त्याला सरकारी मान्यता होती ती दोन दुर्मिळ बालविकारांसाठी, फायब्रोसिससाठी नव्हती. एका रोग्याचा वर्षाचा खर्च सुमारे ५०,००० डॉलर होता. फायब्रोसिससाठी मान्यता मिळाली असती तर कंपनीचे भाग्य पालटले असते.

म्हणून कंपनीने ३३० रोग्यांची रीतसर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने १६२ जणांना औषध आणि १६८ जणांना निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. कोणाला काय मिळते आहे, हे ना रोग्याला ठाऊक होते, ना डॉक्टरला. चाचणी कशावरून यशस्वी म्हणायची, हेही आधीच लिहून ठेवले होते: आजार बळावण्यापर्यंत किंवा मृत्यूपर्यंतचा काळ लांबतो का, हे पाहायचे. ऑगस्ट २००२ मध्ये पाकीट फुटले. त्या मुख्य निकषावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. चाचणी फसली होती.

मृत्यूंच्या आकड्यात मात्र काहीतरी चमकत होते. औषध घेणाऱ्या १६२ जणांत १६ मृत्यू, निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्या १६८ जणांत २८. हा मुख्य निकष नव्हता आणि हा फरकही रूढ कसोटीला उतरत नव्हता. त्याचे पी-मूल्य ०.०८४ आले होते. म्हणजे औषध संपूर्ण निरुपयोगी असते तरीही, केवळ योगायोगाने, एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात आठ वेळा दिसला असता. प्रथा अशी की पाचाच्या खाली आल्याशिवाय दखल घ्यायची नाही. ही प्रथा काही वेदवाक्य नव्हे, हे मला मान्य आहे. आणि इथवर कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञांनी जे केले ते कोणीही केले असते.

मग आकडे चिरायला सुरुवात झाली. हार्कोनेन यांनी हवा तसा निकाल हाती येईपर्यंत आकडे कापत राहू अशा अर्थाचे उद्गार काढल्याची साक्ष पुढे न्यायालयापुढे आली. रोग्यांची आजाराच्या तीव्रतेनुसार विभागणी करण्यात आली. फुप्फुसात हवा भरून जोराने बाहेर फेकण्याच्या क्षमतेला एफव्हीसी म्हणतात. ती निरोगी माणसाच्या मानाने किती टक्के उरली आहे यावरून तीव्रता मोजतात. ५५ टक्क्यांवर एक रेघ ओढली गेली. त्या रेघेच्या वरचे सारे ‘सौम्य ते मध्यम’ आजाराचे रोगी ठरले. या गटात औषधवाल्या १२६ जणांत केवळ ६ मृत्यू होते, तर दुसऱ्या बाजूच्या १२८ जणांत २१. मृत्यू ७० टक्क्यांनी कमी! पी-मूल्य ०.००४, हजारात चार.

प्रसिद्धीपत्रकाच्या शीर्षकाने जाहीर केले की औषधाने आयुष्य वाढते हे आकडेवारीतून सिद्ध झाले आहे आणि सौम्य ते मध्यम रोग्यांत मृत्यू ७० टक्क्यांनी घटतात. मुख्य निकष गाठता आला नाही, हेही आत कुठेतरी लिहिले होते. ५५ टक्क्यांची रेघ निकाल पाहिल्यानंतर ओढली, एवढे मात्र कुठेच लिहिले नव्हते.

आता, वाचकहो, एक कागद घ्या. फार अवघड नाही, वजाबाकीच करायची आहे. एकूण रोगी ३३०. रेघेच्या वरचे २५४. उरले ७६. या ७६ जणांचे काय झाले? औषधवाल्या १६२ मधून १२६ वजा करा, ३६ राहतात. १६ मृत्यूंतून ६ वजा करा, १० राहतात. म्हणजे अधिक आजारी असलेल्या ३६ जणांपैकी १० जण औषध घेऊन दगावले. दुसऱ्या बाजूला १६८ वजा १२८ म्हणजे ४० जण, आणि २८ वजा २१ म्हणजे ७ मृत्यू. टक्केवारी काढली तर एकीकडे २८, दुसरीकडे साडेसतरा. ज्या तर्काने पत्रकात ‘सौम्य रोग्यांत मृत्यू ७० टक्क्यांनी कमी’ असे छापले, त्याच तर्काने खाली ‘तीव्र रोग्यांत मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी जास्त’ असेही छापायला हवे होते. ते छापले गेले नाही. आणि छापले असते तर वाचणाऱ्याने लगेच विचारले असते, की ५५ टक्क्यांच्या अलीकडे अमृत आणि पलीकडे विष, असे हे कसले औषध?

एकूण निकाल शून्य आल्यानंतर मांडलेल्या उपगटाकडे अधिक संशयाने का पाहायचे, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. एकूण निकाल म्हणजे सर्व उपगटांची सरासरी. औषध एकंदरीत उपयोगी ठरले असेल, तर उपगटांतून एवढेच कळते की कोणाला फायदा जास्त, कोणाला थोडा कमी. असे फरक वैद्यकात नेहमी आढळतात. पण सरासरीच शून्याच्या आसपास असेल आणि एका गटात मोठा फायदा दिसत असेल, तर उरलेल्यांच्या पदरी तोटा आल्याशिवाय हिशेब जुळत नाही. एकाच औषधाने एकाच आजारात काहींना तारायचे आणि काहींना मारायचे, असे क्वचित घडते; घडले तर त्याला सबळ शारीरिक कारण असते. तेव्हा उपगटाचा दावा करणारा न बोलता आणखी एक दावा करत असतो, आणि तो सहसा त्याला स्वतःलाही पटलेला नसतो.

येथे पुष्कळांना ॲस्पिरिन आणि राशींचा किस्सा आठवेल. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या हृदयविकारावरील एका विशाल चाचणीत संशोधकांनी गमतीने रोग्यांचे जन्मराशीनुसार गट पाडले आणि मिथुन व तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग होत नाही असे ‘आढळले’. किस्सा सुरेख आहे, पण आपल्या विषयाला तो निम्माच लागू पडतो. त्या चाचणीत ॲस्पिरिन एकंदरीत ठाम यशस्वी ठरले होते. उपगटाच्या मोहाला बळी पडण्याचे तिथे कोणाला कारणच नव्हते. खरा मोह हरल्यावर होतो. जिंकलेल्या चाचणीचे आकडे कोणी रात्री बारा वाजता उघडून बसत नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. कंपनीचे नाव सांगत नाही, औषधाचेही नाही. मधुमेहींच्या पायांत मज्जातंतूंच्या बिघाडामुळे जी आग होते, तिच्यावरील गोळीची चाचणी होती. पाकीट फुटले, निकाल सपाट. त्या संध्याकाळी आमच्या साहेबांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, उलट मार्दव होते. ते म्हणाले, “अहो, एवढी मेहनत वाया जाऊ द्यायची का? जरा विभागून बघा ना. कोणाला तरी गुण आला असेलच.”

मी बारा निकष घेतले. वय, लिंग, वजन, मधुमेहाची वर्षे, इन्सुलिन चालू आहे की नाही, धूम्रपान वगैरे. प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे चोवीस गट. पहाटेपर्यंत सापडले: ज्यांचा मधुमेह सात वर्षांहून कमी जुना, त्यांच्यात गोळीने वेदना स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. पी-मूल्य ०.०२. मला तो क्षण अजून आठवतो. मी काही लबाडी करते आहे असे मला क्षणभरही वाटले नाही. शोध लागल्याचा आनंद झाला. एवढेच नव्हे, पाच मिनिटांत कारणही सुचले: आजार नवा असताना मज्जातंतू पुरते मेलेले नसतात, म्हणून औषधाला दाद देतात. किती पटण्याजोगे! उद्या निकाल उलटा आला असता, तर जुन्या रोग्यांच्या वेदना जास्त असल्याने त्यांच्यात फरक दिसायला वाव असतो, हेही मी तितक्याच सहजतेने सांगितले असते. आणि ‘सात’ हा आकडा कुठून आला? मी आधी पाच घेऊन पाहिले होते, मग दहा. सातला गणित बसले. सादरीकरणात पाच आणि दहा आले नाहीत.

या तक्त्याच्या बळावर दुसरी चाचणी झाली. केवळ सात वर्षांच्या आतील मधुमेही घेतले. वर्षभर माणसे तपासणीला येत राहिली, डायरीत रोजच्या वेदनेला दहापैकी गुण देत राहिली. पाकीट फुटले तेव्हा दोन्ही रेषा एकीवर एक पडलेल्या. माझ्या शोधाचा मागमूसही नव्हता.

त्यानंतर मी पहिल्या चाचणीची माहिती पुन्हा उघडली आणि जे आधी करायला हवे होते ते केले. कोणाला गोळी आणि कोणाला निष्क्रिय गोळी, ही चिठ्ठी संगणकावर पत्त्यांसारखी पिसून टाकली. आता औषधाचा वेदनेशी काही संबंध उरणे शक्यच नव्हते. अशी हजार वेळा पिसून दरवेळी तेच चोवीस गट तपासले. निम्म्याहून अधिक वेळा कुठला ना कुठला गट ०.०५ च्या खाली आला. नवल नाही: चोवीस कसोट्या परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असत्या, तर निदान एक खोटा ‘शोध’ लागण्याची शक्यता ७१ टक्के भरते. शिवाय रेघ पाचवर, सातवर की दहावर ओढायची याचे स्वातंत्र्य मी या हिशेबात धरलेलेच नव्हते. तो माझा ०.०२ हा निकाल लागल्यावर काढलेल्या सोडतीच्या तिकिटासारखा होता.

याच सुमारास एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हार्कोनेन खटल्याची कागदपत्रे वाचायला दिली, आणि त्या ७६ जणांची वजाबाकी मी तेव्हा प्रथम केली. वर सांगितलेले शहाणपण माझे जन्मजात नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

जाणकार वाचक येथे एक आक्षेप घेतील. केवळ एका गटाचे पी-मूल्य पाहणे चूकच. दोन गटांतील परिणाम एकमेकांपासून खरोखर वेगळे आहेत का, ही परस्परक्रियेची कसोटी लावायला हवी. ही कसोटी योग्यच आहे आणि बहुतेक उपगट तिच्यापुढे टिकत नाहीत. पण इंटरम्यूनच्या आकड्यांवर मी ती लावून पाहिली, तर ०.००६ च्या आसपास उत्तर येते. उपगट कसोटीला उतरतो! कारण उघड आहे: रेघ जिथे फरक सर्वांत ठसठशीत दिसतो तिथेच ओढली असेल, तर त्या फरकाची कसोटीही तिथेच सर्वांत सुरेख लागणार. कसोटीला रेघेचा इतिहास ठाऊक नसतो.

रेघ आधीच ओढलेली असेल तर? तेव्हा संशय कमी व्हावा, पण संपू नये. १९९६ मध्ये ‘प्रेझ’ नावाच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. तीव्र हृदयदौर्बल्याच्या ११५३ रोग्यांवर अम्लोडिपिनचा प्रयोग होता. एकूण निकाल लक्षणीय नव्हता. पण ज्यांचे हृदय रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांमुळे नव्हे तर अन्य कारणाने दुबळे झाले होते, त्या गटात मृत्यू ४६ टक्क्यांनी कमी दिसले. ही विभागणी चाचणीपूर्वीच ठरलेली होती, चिठ्ठ्याही त्यानुसारच टाकल्या होत्या, परस्परक्रियेची कसोटीही उत्तम लागली. याहून सज्जन उपगट मिळणे कठीण. संशोधकांनी मग जे केले त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे: त्यांनी जाहिरात केली नाही, केवळ त्याच प्रकारच्या १६५४ रोग्यांवर दुसरी चाचणी केली. फायदा शून्य. तो निकाल २००० साली परिषदेत सांगितला गेला आणि सविस्तर लेख छापून यायला २०१३ उजाडले, हे तेवढे खटकते.

उलट बाजूही आहे. फुप्फुसाच्या कर्करोगावरील गेफिटिनिब या औषधाची २००५ मधील मोठी चाचणी एकंदरीत फसली, पण आशियाई आणि कधीही धूम्रपान न केलेल्या रोग्यांत फायदा दिसला. तो खरा निघाला. मात्र तिथे ट्यूमरच्या पेशींतील एका विशिष्ट जनुकीय बदलाचा शोध २००४ मध्येच लागला होता, तो बदल याच लोकांत अधिक आढळतो हे ठाऊक होते, आणि २००९ मध्ये नव्या चाचणीने तो पडताळूनही दाखवला. माझ्या मज्जातंतूंच्या कहाणीत आणि या जनुकात फरक हाच, की माझी कहाणी तक्ता पाहिल्यावर जन्मली होती.

इंटरम्यूननेही दुसरी चाचणी केली. ८२६ रोगी घेतले आणि प्रवेशासाठी एफव्हीसी किमान ५५ टक्के हवी अशी अट ठेवली. म्हणजे नेमका तोच भाग्यवान गट. मार्च २००७ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ५५१ जणांत ८० मृत्यू, न घेणाऱ्या २७५ जणांत ३५. शेकड्यात पंधरा विरुद्ध तेरा. ७० टक्क्यांची घट राहिली बाजूला, पारडे किंचित उलटेच झुकले होते. मधल्या पाच वर्षांत मान्यता नसतानाही अनेक रोग्यांनी आठवड्यातून तीन वेळा ते इंजेक्शन टोचून घेतले. थंडीताप, अंगदुखी, थकवा हे त्याचे नेहमीचे त्रास. ज्याला आधीच श्वास पुरत नाही त्याच्यासाठी ते किरकोळ नव्हेत.

कंपनीने २००६ मध्ये सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. हार्कोनेन यांना २००९ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले. शिक्षा सहा महिने घरात स्थानबद्धता, तीन वर्षे देखरेख, समाजसेवा आणि २०,००० डॉलर दंड. अपिले फेटाळली गेली. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. आकड्यांचा अर्थ लावण्याबद्दल माणसाला गुन्हेगार ठरवणे धोक्याचे, असे काही नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी तेव्हा म्हटले होते. मला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. अर्थ लावणे हा गुन्हा नसावा. रेघ कधी ओढली हे लपवणे मात्र अर्थ लावण्यात मोडत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे आणखी एक निकाल सपाट आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण सहकारी तक्ता घेऊन आला, डोळे जागरणाने लाल. साठीच्या आतील स्त्रियांत औषध उत्तम चालले होते. मी त्याला म्हटले, “छान. आता शेजारी एक रकाना वाढव. उरलेल्यांचे काय झाले ते लिही. आणि खाली लिही, हा कितवा गट तपासलास.” तो खुर्ची ओढून बसला, वजाबाकी केली, थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग तळाच्या ओळीत त्याने ‘३१’ असे टंकले.